भरलेली दाढ पुन्हा पुन्हा फुटते: झोपेत दात खाण्याचा तपास कुठून सुरू करावा

दाढेत भरलेले सिमेंट तिसऱ्यांदा निघाले म्हणून रुग्ण परत येतो, तेव्हा तो बहुधा दंतवैद्याच्या हातावर किंवा साहित्यावर रागावलेला असतो. व्यवसायाच्या पहिल्या काही वर्षांत मलाही दोष तिथेच दिसत असे, आणि मी तीच दाढ अधिक काळजीपूर्वक पुन्हा भरून देत असे. पुढे लक्षात आले की अशा बऱ्याच तोंडांत सिमेंट नीट बसलेले असते, पण रात्री त्यावर असा भार येतो जो दिवसा जेवताना कधीच येत नाही. झोपेत दात खाण्याची सवय मोठ्या माणसांत साधारण दहांत एकाला असते आणि ज्याला ती असते त्याला तिचा पत्ता नसतो, त्यामुळे तक्रार कधीच ‘मी दात खातो’ अशी येत नाही. ती कुठल्या रूपांत येते, ते आधी पाहू.

लक्षणे

सकाळी उठल्यावर जबडा जड वाटतो, कानशिलाजवळ ठणका असतो किंवा पहिली जांभई देताना गालाचा स्नायू ओढल्यासारखा दुखतो, आणि हे सारे न्याहारीनंतर तास-दोन तासांत ओसरते. गार पाणी एका दाताला नव्हे, तर एका बाजूच्या अनेक दातांना झोंबते. पुढच्या दातांच्या कडांचे बारीक टवके उडतात, कॅपवरील पोर्सेलीनची कपची निघते, एकच दाढ पुन्हा पुन्हा भरावी लागते. जिभेच्या कडेवर दातांच्या खाचा उमटलेल्या असतात आणि गालाच्या आतून, दात मिटतात त्या पातळीवर, पांढरी रेघ दिसते. यांतील एखादे लक्षण एकटे असेल तर त्याला फार महत्त्व देऊ नये. तीन-चार एकत्र आली, की खालील क्रमाने तपासणी करावी. हा क्रम मी मुद्दाम स्वस्ताकडून महागाकडे लावला आहे, कारण नाईट गार्ड, म्हणजे रात्री दातांवर बसवायचे आवरण, करून घेतल्यावर खरे कारण वेगळेच निघाल्याची उदाहरणे मी पुष्कळ पाहिली आहेत.

सोबत एका रुग्णाची हकिगत ठेवतो. माध्यमिक शाळेतील शिक्षक, वय चव्वेचाळीस, आणि खालच्या डाव्या बाजूची पहिली मोठी दाढ चौदा महिन्यांत तीनदा भरलेली.

पहिली तपासणी: दुखण्याची वेळ आणि शेजारी झोपणारी व्यक्ती

यासाठी एक पैसाही लागत नाही. दोन आठवडे उशाशी एक कागद ठेवावा आणि जबडा सकाळी दुखतो की संध्याकाळी, एवढेच लिहावे. दुखणे सकाळी जास्त असेल तर रोख झोपेकडे जातो. दिवसभर कमी आणि संध्याकाळी जास्त असेल, तर ती व्यक्ती बहुधा जागेपणी, संगणकासमोर किंवा वाहन चालवताना, दात आवळून बसलेली असते. हा फरक आधी करावा लागतो, कारण दिवसाच्या आवळण्याला गार्ड हे उत्तर नाही. ओठ मिटलेले आणि दात एकमेकांपासून दोन-तीन मिलिमीटर सुटे, ही जबड्याची विश्रांतीची स्थिती आहे. दिवसाची सवय असलेल्याला दर तासाला स्वतःला तपासून या स्थितीत परतण्याचा सराव करावा लागतो, आणि बहुतेकांना तेवढे पुरते.

शेजारी झोपणाऱ्या व्यक्तीला ‘दात वाजतात का’ एवढेच विचारू नये. घोरणे, मध्येच श्वास थांबणे आणि दचकून उठणे याबद्दलही विचारावे, कारण ही माहिती चौथ्या तपासणीत लागणार आहे. एकटे झोपणाऱ्याने मोबाईलवर रात्रभराचा आवाज ध्वनिमुद्रित करावा. मात्र आवाज आला नाही म्हणून निर्धास्त होऊ नये. दात घासले तर करकर ऐकू येते, पण दात घट्ट आवळून धरले तर काहीच ऐकू येत नाही आणि हानी दोन्हींत होते. शिक्षकांच्या पत्नीने सांगितले की पहाटेच्या सुमारास पाट्यावर कोरडा वरवंटा फिरवल्यासारखा आवाज येतो. घरातल्यांनी त्याचा संबंध पोटातल्या जंतांशी लावून औषधही देऊन झाले होते. लहान मुलांबाबत आपल्याकडे हा समज जुना आहे, पण मोठ्यांत तो तपासाला केवळ उशीर लावतो.

दुसरी तपासणी: आरशात सुळा पाहणे

पटाशीच्या दातांच्या बाजूला असतो तो सुळा. वरच्या सुळ्याचे टोक तरुणपणी भाल्यासारखे असते. झोपेत दात खाणाऱ्याच्या सुळ्यावर टोकाऐवजी सपाट, चकचकीत पृष्ठ दिसते. खात्री करण्यासाठी आरशासमोर खालचा जबडा हळूच बाजूला सरकवावा. वरच्या सुळ्याचा सपाट भाग आणि खालच्या सुळ्याचा सपाट भाग एखाद्या स्थितीत कुलूप-किल्लीसारखे जुळले, तर ते दात एकमेकांवरच झिजले आहेत. ही जुळणी बहुधा इतक्या आडव्या जागी होते की जेवताना जबडा तिथे कधीच जात नाही, आणि म्हणूनच हा पुरावा बळकट आहे.

सगळी झीज दात खाण्याची नसते. लिंबू, शीतपेये किंवा पोटातून वर येणारे आम्ल दात विरघळवते तेव्हा खड्डे वाटीसारखे गोल असतात, पृष्ठ मऊसर दिसते आणि जुने सिमेंट भोवतालच्या दातापेक्षा उंच उभे राहते, कारण आम्लाने दात खाल्लेला असतो, सिमेंट नाही. वरच्या पटाशीच्या दातांची आतली, टाळूकडची बाजूच पातळ झाली असेल, तर आम्लपित्ताचा किंवा वारंवार होणाऱ्या उलट्यांचा संशय घ्यावा. हिरडीलगत पाचरीसारखी खाच असेल, तर ती बहुधा कडक ब्रश जोराने आडवा घासल्याने पडलेली असते. मिश्री लावणाऱ्यांत अशा खाचा खोल आणि काळपट असतात. आम्लाच्या किंवा मिश्रीच्या झिजेवर गार्ड बसवून उपयोग होत नाही. आम्ल वर येणाऱ्याने गार्ड लावला तर ते आम्ल उलट गार्डखाली साचू शकते.

दोन्ही प्रकार एकाच तोंडात असणे नेहमीचे आहे. दाताचे बाहेरील आवरण, म्हणजे इनॅमल, दाढेच्या उंचवट्यांवर जेमतेम दोन-अडीच मिलिमीटर जाड असते. आम्लाने ते नरम झाले असताना दात एकमेकांवर घासले गेले, तर झीज कितीतरी वेगाने होते. आणि इनॅमल संपून आतला पिवळसर थर उघडा पडला, की तो अधिक मऊ असल्याने पुढची झीज पहिल्या झिजेपेक्षा अधिक वेगाने होते. ‘वीस वर्षांत जेवढे झिजले नाही तेवढे तीन वर्षांत झिजले’ असे रुग्ण सांगतो, तेव्हा तो अतिशयोक्ती करत असतोच असे नाही.

शिक्षकांचे दोन्ही डावे सुळे सपाट होते आणि बरोबर जुळत होते. उजवे मात्र जवळजवळ शाबूत होते. म्हणजे जबडा रात्री डावीकडे सरकत होता आणि सुळ्यांचा आधार संपल्यामुळे मागच्या दाढा तिरक्या घासल्या जात होत्या. दात उभा भार चांगला पेलतो, पण आडव्या भाराने त्याचे उंचवटे मुळाशी चिरतात. डाव्या दाढेतील सिमेंटच का निघत होते, हे इथे कळले.

तिसरी तपासणी: संध्याकाळनंतर पोटात काय जाते

पूर्वी दातांच्या बसणीतील दोषाला या सवयीचे मूळ मानले जाई, आणि कित्येकांचे चांगले दात त्या समजुतीपायी घासून ‘सारखे’ केले गेले. आज ते मानले जात नाही. चालना मेंदूतून येते. उथळ झोपेत काही सेकंदांची अर्धवट जाग येते, आधी हृदयाचे ठोके वाढतात आणि पाठोपाठ चावण्याचे स्नायू लयीत आकुंचन पावतात. त्यामुळे जे जे झोप उथळ करते ते दात खाणे वाढवू शकते: रात्रीचे मद्य, तंबाखू आणि सिगारेट, उशिराचा चहा किंवा कॉफी, आणि अर्थात मनावरचा ताण.

औषधांची यादीही याच वेळी पाहावी. नैराश्य व चिंतेसाठी दिली जाणारी फ्लुऑक्सेटिन, सर्ट्रालिन, पॅरॉक्सेटिन, व्हेन्लाफॅक्सिन ही औषधे सुरू केल्यानंतर काही आठवड्यांत दात खाणे सुरू झाल्याचे आढळते. जुळणी तारखांची असते, म्हणून औषध कधी सुरू झाले आणि जबडा कधी दुखू लागला हे शेजारी शेजारी लिहावे. संशय आला तरी औषध स्वतःहून बंद करू नये. तो कागद मनोविकारतज्ज्ञांना दाखवावा. मात्रा, वेळ किंवा औषध बदलणे हे त्यांचे काम आहे. मी स्वतःही अशा वेळी चिठ्ठी लिहून देतो, गोळी थांबवायला सांगत नाही.

शिक्षक परीक्षेच्या दिवसांत रात्री अकरापर्यंत पेपर तपासत आणि त्या काळात दोन-तीन चहा होत. संध्याकाळी सहानंतरचा चहा तीन आठवडे बंद ठेवला. आवाज थोडा कमी झाला, थांबला नाही.

चौथी तपासणी: घोरणे आणि श्वास

ही पायरी वगळून थेट गार्डकडे जाणे ही मला सर्वांत जास्त दिसणारी चूक आहे, आणि ती रुग्णांइतकीच आमच्याही व्यवसायात होते. झोपेत श्वसनमार्ग वारंवार मिटणाऱ्या रुग्णाची झोप रात्रभर तुटत राहते, आणि त्यांतल्या अनेकांत दात खाणेही असते. केवळ वरच्या दातांवर बसणारा गार्ड लावल्यावर काही रुग्णांत श्वासाचा हा अडथळा वाढल्याचे निरीक्षण आहे. म्हणजे दात वाचवताना त्याहून गंभीर आजार झाकला जाण्याचा किंवा बळावण्याचा धोका असतो.

मोठ्याने घोरणे, श्वास थांबल्याचे कोणी पाहिलेले असणे, दिवसा पेंग येणे, रक्तदाब, पस्तीसहून जास्त बीएमआयची स्थूलता आणि चाळीस सेंटिमीटरहून जाड मान यांपैकी तीन गोष्टी जुळल्या, तर गार्डचे माप घेण्याआधी कान-नाक-घसा तज्ज्ञ किंवा छातीविकारतज्ज्ञांकडून झोपेची तपासणी करून घ्यावी. शिक्षकांना रक्तदाबाची गोळी चालू होती, मानेचे माप बेचाळीस होते आणि दुपारच्या तासिकेत डोळा लागत असे. त्याला ते वय म्हणत होते. तपासणीत ताशी चोवीस वेळा श्वास अडखळत असल्याचे दिसले, ज्याला मध्यम तीव्रतेचा अडथळा म्हणतात. त्यांना हवेच्या दाबाचे यंत्र, म्हणजे सीपॅप, सुरू झाले. सहा आठवड्यांनी पेंग गेली आणि दातांचा आवाज आठवड्यातून एक-दोन रात्रींवर आला. सीपॅपने प्रत्येकाचे दात खाणे कमी होतेच असे नाही, म्हणून पुढची पायरी गाळली नाही.

पाचवी तपासणी: गार्ड, आणि तो कुठला

एक गोष्ट आधीच स्पष्ट करावी लागते: गार्ड दात खाणे थांबवत नाही. पहिल्या दोन-चार आठवड्यांत स्नायूंची हालचाल थोडी कमी होते, पुढे ती बहुतेकांत पूर्वपदावर येते. गार्ड करतो ते एवढेच, की दाताऐवजी स्वतः झिजतो आणि एका दाढेवर येणारा भार साऱ्या दातांत वाटून देतो.

ऑनलाइन मिळणारा, गरम पाण्यात मऊ करून चावून बसवायचा गार्ड शिक्षकांनी माझ्याकडे येण्यापूर्वीच वापरून पाहिला होता. सात आठवड्यांत डाव्या दाढेजवळ त्याला आरपार भोक पडले. मऊ गार्ड काहींना च्युइंगम चघळण्यासारखा वाटतो आणि त्यांचे स्नायू उलट अधिक काम करतात. चार-सहा आठवड्यांची तात्पुरती सोय म्हणून तो ठीक आहे. केवळ पुढच्या चार-सहा दातांवर बसणारे छोटे गार्ड मात्र मी देत नाही. मागच्या दाढांना समोर काही टेकायला उरले नाही, तर त्या हळूहळू सरकतात आणि काही महिन्यांत पुढचे दात एकमेकांना टेकेनासे होतात. शिवाय असा तुकडा झोपेत घशात जाऊ शकतो.

जोरदार घासणाऱ्यासाठी कठीण ॲक्रिलिकचा, एका जबड्यातील सर्व दात झाकणारा गार्ड हवा. दाढांपाशी त्याची जाडी दोन ते तीन मिलिमीटर असते. जबडा मिटला असता समोरच्या जबड्यातील प्रत्येक दात त्याला सारख्या दाबाने टेकला पाहिजे, आणि जबडा बाजूला सरकू लागताच सुळ्याजवळच्या लहानशा चढावामुळे मागच्या दाढा सुटल्या पाहिजेत. शिक्षकांच्या झिजलेल्या सुळ्याचे हरवलेले काम हाच चढाव करतो. गार्डची खरी करामत या चढावात आहे. तो नसेल तर महागडा गार्डही नुसती प्लॅस्टिकची झापड ठरतो.

माप घेण्याआधी दातांची बाकी कामे उरकावीत, कारण गार्ड तयार झाल्यावर कॅप बसवली किंवा मोठे सिमेंट भरले, तर तो बसत नाही. शिक्षकांची ती दाढ चावताना नव्हे, तर चावा सोडताना कळ देत होती. उंचवट्याला चीर गेल्याची ही नेहमीची खूण आहे. म्हणून चौथ्यांदा सिमेंट न भरता आधी दाढेवर कॅप बसवली, मग माप घेतले.

गार्ड हाती आला त्या दिवशी रंगीत कागद चावायला देऊन ठसे पाहिले. एक आठवड्याने पुन्हा पाहिले तेव्हा उजव्या शेवटच्या दाढेवर एकच गडद ठसा होता आणि त्यांची तक्रार होती की उजवा कानशील दुखतो. तेवढी जागा घासल्यावर चार दिवसांत दुखणे थांबले. ही दुसरी भेट टाळणाऱ्यांचेच गार्ड बहुधा कपाटात पडून राहतात. पहिल्या काही रात्री लाळ जास्त येणे आणि गार्ड घट्ट वाटणे स्वाभाविक आहे. मात्र एकाच दाताला टोचत असेल, तर सवयीने ते जाणार नाही. तो घासूनच घ्यावा लागतो.

गार्ड रात्रीच वापरावा. सकाळी काढल्यावर गार पाण्यात मऊ ब्रशने आणि साध्या साबणाने धुवावा. टूथपेस्टने त्यावर चरे पडतात. शिक्षकांनी चौथ्या महिन्यात तो ‘निर्जंतुक’ करण्यासाठी उकळत्या पाण्यात टाकला. तो किंचित वाकला, दातांवर डुगडुगू लागला, आणि नवा करावा लागला. नव्या गार्डवर सहा महिन्यांनी डाव्या सुळ्याजवळ एक चकचकीत खाच दिसली. ती त्यांच्या दातावर पडली असती, ती प्लॅस्टिकवर पडली. कॅप आणि दाढ जागच्या जागी आहेत.

घरचे प्रयोग कुठे थांबवावेत

पहिल्या तीन तपासण्या घरी होतात, चौथी व पाचवी होत नाही. त्याखेरीज पुढील गोष्टी दिसल्यास वाट पाहू नये. तोंड दोन बोटांएवढेही उघडत नसेल किंवा उघडल्यावर जबडा अडकून राहत असेल. चावा सोडताना एकाच दाताला तीव्र कळ येत असेल, किंवा गार पाण्याची कळ अर्धा मिनिट टिकून राहत असेल. पहिल्यात चीर आणि दुसऱ्यात नस सुजल्याचा संशय असतो, आणि उशीर झाला की भरण्याचे काम रूट कॅनालवर किंवा दात काढण्यावर जाते. गार्ड काढल्यानंतर अर्ध्या तासानेही दात पूर्वीसारखे एकमेकांवर बसत नसतील, तर गार्ड लावणे बंद करून तो घेऊन दंतवैद्याकडे जावे. पन्नाशीनंतर प्रथमच कानशिलात दुखू लागले, चावताना जबडा थकू लागला आणि नजर अंधुक झाली, तर तो दात खाण्याचा प्रकार समजू नये. कानशिलाच्या रक्तवाहिनीला सूज आल्याने असे होऊ शकते, त्यात दृष्टी जाण्याचा धोका असतो, आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठावे लागते.

स्नायूंत बोटॉक्स टोचून घेण्याविषयीही आता विचारणा होते. त्याने आवळण्याचा जोर तीन-चार महिने कमी होतो, दात खाण्याच्या वेळा कमी होतातच असे नाही. वरच्या पाचही पायऱ्या झाल्यावर जबड्याचे दुखणे उरलेच, तर त्या विषयातील अनुभवी तज्ज्ञाकडूनच ते घ्यावे. आणि कुणी दातांची बसणी ‘दुरुस्त’ करून सवय घालवतो म्हणून निरोगी दात घासायला सांगितले, तर होकार देण्यापूर्वी दुसऱ्या दंतवैद्याचे मत घ्यावे, कारण घासलेले इनॅमल परत येत नाही.